तारीख, चेहरा आणि साडेतीन हजार

कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत सकाळी सव्वानऊ वाजता पंखा बंद असतो, कारण पंख्याच्या वाऱ्यात पावडर उडते आणि स्प्रे चेहऱ्याऐवजी भिंतीवर जातो. टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेले मोगऱ्याचे गजरे, शेजारी पिनांचा डबा, एका वाटीत मुंडावळ्या. नवरीचा एक डोळा पूर्ण झालेला आणि दुसरा अजून कोरा. मेकअप करणाऱ्या मुलीने दुसऱ्या पापणीच्या पट्टीला गोंद लावून ती चिमट्यात धरली होती. हा गोंद लावल्या लावल्या चिकटवायचा नसतो. साधारण अर्धा मिनिट थांबायचं, तो थोडा चिकट झाला की पट्टी ठेवायची. त्या अर्ध्या मिनिटात नवरीचे मामा काळी पर्स काखेत धरून आत आले आणि म्हणाले, "ताई, हिशोब उरकून टाकू. बावीस हजारातून ॲडव्हान्सचे अकरा गेले, ट्रायलचे साडेतीन गेले, राहिले साडेसात." ती म्हणाली, "काका, अकरा राहिले. ट्रायल वेगळी होती." मामांनी भाचीचा फोन पुढे केला. त्यात तिचाच तीन महिन्यांपूर्वीचा मेसेज होता: 'ट्रायल ३,५००, नंतर ॲडजस्ट होतं.'

तो 'नंतर' कधीचा, हे मेसेजमध्ये नव्हतं. तिच्या मनात होतं की हळद, लग्न आणि रिसेप्शन असं तिन्हीचं काम एकत्र दिलं तर ट्रायलचे पैसे वळते होतील. घरच्यांनी वाचलं की काम दिलं की वळते होतील. त्यांनी लग्नाचं एकच काम दिलं होतं. आपापल्या दृष्टीने दोघेही बरोबर होते आणि नवरी एक डोळा मिटून बसली होती. चिमट्यातला गोंद तोवर सुकून गेला.

ते दृश्य मनातून जात नाही ते साडेतीन हजारांमुळे नव्हे. एकटीने काम करणाऱ्या मेकअप आर्टिस्टच्या धंद्यात भांडणं जिथे होतात तिथे बहुतेक वेळा रक्कम फार मोठी नसते. शब्द मात्र सैल असतो. 'ॲडजस्ट', 'ॲडव्हान्स', 'तारीख धरून ठेवा' या तिन्ही बोलण्यांत दोन पक्ष दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकतात. ही मुलगी खरं तर तीन गोष्टी विकते. लग्नाच्या दिवशीचं काम ही एक, त्या विशिष्ट चेहऱ्याबद्दल आधी मिळवलेली माहिती ही दुसरी, आणि पंचांगातली एक तारीख ही तिसरी. तिन्हींची किंमत एकाच आकड्यात कालवली की कशाचे पैसे कधी परत मागायचे, कशाचे मागायचे नाहीत, हे कुणालाच सांगता येत नाही.

ट्रायलपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घासाघीस तिथे होते. 'आम्ही बुकिंग करणारच आहोत, मग ट्रायलचे वेगळे कशाला?' हा प्रश्न रास्त वाटतो. साडी घेताना दुकानदार दहा साड्या उलगडून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. पण उलगडलेली साडी घडी घालून परत कपाटात जाते. चेहऱ्यावर लावलेलं फाउंडेशन बाटलीत परत जात नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ट्रायलमध्ये लग्नाच्या दिवसाइतकंच सामान लागतं. चेहरा तोच, क्षेत्रफळ तेवढंच. उलट ट्रायलमध्ये दोन छटा लावून एक पुसावी लागते, म्हणून कधी जास्तच लागतं.

या सामानाचा हिशोब बहुतेक जणी मिलिलिटरवर करतात आणि तिथे फसतात. तीस मिलिलिटरची बाटली, एका चेहऱ्याला एक ते दीड मिलिलिटर, म्हणजे वीस-पंचवीस चेहरे, म्हणजे चेहऱ्यामागे शंभर-दीडशे रुपये, असा तो हिशोब. पण बाटलीच्या मागे उघड्या डबीचं एक छोटं चित्र असतं आणि त्यात बारा महिने असं लिहिलेलं असतं. मस्कारा तर तीन ते सहा महिन्यांतच टाकायचा. आणि पिशवीत एक बाटली नसते, गोऱ्यापासून सावळ्यापर्यंत दहा-बारा छटा असतात, त्यांतल्या दोन-तीन वर्षभरात जेमतेम चार वेळा उघडल्या जातात. त्या संपत नाहीत, त्यांची मुदत संपते. म्हणून भागायचं ते मिलिलिटरने नाही, वर्षभरात प्रत्यक्ष केलेल्या चेहऱ्यांच्या संख्येने. समजा वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांचं पातळ सामान बदलावं लागतं आणि ट्रायल धरून ऐंशी चेहरे होतात. मग एका चेहऱ्यामागे सहाशे रुपये झाले. त्यात पापण्यांची पट्टी अडीचशे, एकदाच वापरून टाकायच्या मस्काराच्या कांड्या, स्पंज, कापूस असं दीडशे, केसांच्या पिना, जाळी, स्प्रे आणखी दीडशे. साडेअकराशे रुपये हात न हलवता गेले. वेळ बघा: चेहरा आणि केस अडीच तास, आधी मांडणं आणि नंतर ब्रश धुऊन वाळत घालणं पाऊण तास, बोलणं आणि फोटो पाऊण तास. चार तास. तासाला चारशे धरले तर सोळाशे. जाण्यायेण्याचे किंवा जागेचे अडीचशे. तीन हजारांना ट्रायल स्वतःलाच पडते. साडेतीन हजार हा आकडा ऐकायला मोठा आहे, पण त्यात नफ्याचे पाचशेच आहेत.

आता हीच ट्रायल 'फुकट' ठेवली तर ते तीन हजार कुठे जातात? चार जणींची ट्रायल केली आणि त्यातल्या एकीने बुकिंग केलं नाही, तर तिचा खर्च उरलेल्या तिघींच्या पॅकेजमध्ये प्रत्येकी हजार रुपये होऊन बसतो, शिवाय त्यांचा स्वतःचा खर्च आहेच. म्हणजे जी मुलगी पहिल्या भेटीतच 'हो' म्हणते ती न येणारीचे पैसे भरते. मला हे बरोबर वाटत नाही. 'बुकिंग केलं तर पूर्ण वळते' या पद्धतीतही तेच होतं, फक्त ते वेगळ्या नावाने होतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ट्रायलची किंमत वेगळी असावी, ती त्याच दिवशी चुकती व्हावी, आणि पॅकेजमधून ती वजा होऊ नये. पॅकेज त्यासाठी हजार-दोन हजारांनी कमी ठेवावं लागलं तरी चालेल. आकडा सुटा दिसला की वाद होत नाहीत.

फक्त एक सवलत सगळ्यांच्या सोयीची आहे. हंगामातल्या शनिवारी-रविवारी ट्रायल घेतली तर त्या वेळात एखाद्या करवलीचं किंवा डोहाळजेवणाचं तीन-चार हजारांचं काम जातं. मंगळवारी दुपारी तसं काही जात नाही. तेव्हा आठवड्याच्या मधल्या वारी तीन हजार आणि शनिवार-रविवारी चार हजार असा सरळ फरक ठेवता येतो. ज्या घराला खरंच हात आखडता घ्यायचा आहे त्याला मंगळवार परवडतो. आणि जिला अजून ठरवायचंच आहे तिच्यासाठी पाऊण तासाची छोटी ट्रायल असावी, बाराशे रुपयांची: चेहऱ्याला फक्त बेस, एक डोळा, केस नाहीत. डावीकडे एक छटा, उजवीकडे दुसरी, मध्ये नाक. आरशात बघून आईला लगेच कळतं कोणती बाजू आपल्या लेकीची आहे आणि कोणती नाही.

ट्रायलमध्ये नेमकं काय मिळतं, हे न सांगता पैसे मागितले तर ते महाग वाटणारच. फोटोतला सुंदर चेहरा हे त्याचं फळ नाही. त्याचं फळ म्हणजे एक कागद. त्या कागदावर लिहिलेलं असतं की अमुक छटेचे दोन थेंब आणि तमुक छटेचा एक, अर्ध्या तासाने रंग किती गडद झाला, कपाळावर किती वेळात तेल आलं, डोळ्याचा आकार कसा आहे, पापणीच्या पट्टीची बाहेरची कड किती कापली, केसांची लांबी किती आणि खोप्यासाठी भर लागते का, नथ टोचलेली की चापाची. फाउंडेशन हवेने आणि त्वचेच्या तेलाने काळवंडतं, म्हणून लावल्याबरोबर जुळलेली छटा अर्ध्या तासाने एक पायरी गडद दिसू शकते. ते बघायला अर्धा तास थांबावंच लागतं, त्याला दुसरा उपाय नाही. फोटो तीन काढायचे: खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली आणि फ्लॅश टाकून. काही पावडरींमधली सिलिका आणि सनस्क्रीनमधले घटक फ्लॅशमध्ये पांढरे उठतात. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि अल्बम हातात आल्यावर मात्र नवरीचा चेहरा राख लावल्यासारखा दिसतो. पापण्यांच्या गोंदाची परीक्षा चोवीस तास आधी कानामागे करायची, कारण काही गोंदांत लॅटेक्स असतं आणि त्याची ॲलर्जी लग्नाच्या सकाळी कळून उपयोग नाही. ट्रायलनंतर मुलीला सांगायचं की लगेच धुऊ नकोस, सहा तास ठेव, एकदा चहा पी, एकदा स्वयंपाकघरात उभी राहा, मग फोटो पाठव. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येणारच आहे.

आपल्याकडच्या लग्नात आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्या शिकवण्यांत सांगत नाहीत. आदल्या दिवशी हळद लागते. नीट धुतली तरी ती केसांच्या कडेला, कानापाशी, मानेवर दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. महिन्यापूर्वीच्या ट्रायलमध्ये अचूक बसलेली छटा त्या पिवळ्या झालेल्या त्वचेवर गुलाबी किंवा फिकट दिसते. तेव्हा कागदावर छटा जुळवलेली जागाही लिहायची. गालाऐवजी गळ्याखाली छातीवर जुळवलेली छटा जास्त भरवशाची, कारण तिथे हळद कमी लागते, आणि पिशवीत एक पायरी पिवळसर बाटली जास्तीची घ्यायची. ट्रायलची वेळ याच कारणाने लग्नाच्या तीन ते पाच आठवडे आधीची. डिसेंबरमध्ये ट्रायल आणि मेमध्ये लग्न असेल तर त्वचेचा रंगही वेगळा आणि घामही वेगळा. पैसे गेले आणि कागद निरुपयोगी.

आता तारखेकडे येऊ. सगळं अवघडलेपण तिथे आहे.

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त उघडतात आणि आषाढी एकादशीला बंद होतात हे सगळ्यांना माहीत आहे. मधल्या काळातही पंचांग तारखा वाटत जातं तशी काढूनही घेतं. २०२६चंच बघा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. एरवी उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाहुण्यांना सोयीच्या अशा ज्या तारखा, त्यांतला ऐन महिनाच गेला. लग्नं काही कमी होत नाहीत, ती वैशाखात दाटतात. रविवार मोजकेच, आणि त्या रविवारी पुण्यातल्या प्रत्येक कार्यालयात एक नवरी. जिच्याकडे एकच जोडी हात आहेत तिच्यासाठी वैशाखातल्या रविवारची किंमत आणि अधिक महिन्यातल्या रविवारची किंमत एक असू शकत नाही. कॅटररला हे मान्य असतं, कार्यालयाच्या भाड्यात ते दिसतं, मेकअप करणारीने सांगितलं की मात्र 'तुम्ही लूटच करता' असं ऐकावं लागतं. मला वाटतं याचं कारण हेच की तिने तारखेचा आकडा कधी वेगळा दाखवलाच नाही.

ॲडव्हान्स म्हणजे त्या तारखेचे पैसे. शेतजमिनीच्या व्यवहारात आपल्याकडे विसार हा शब्द आहे आणि तो फार नेमका आहे: मी शब्द दिला, तू दुसऱ्याला देऊ नकोस, त्याची ही खूण. ॲडव्हान्स म्हटलं की घरच्यांच्या कानाला वाटतं, कामाचे थोडे पैसे आगाऊ दिले, काम झालं नाही तर परत. विसार म्हटलं की कळतं, यात तारीख अडली आहे. मी तर म्हणेन मेसेजमध्ये हाच शब्द लिहावा. मात्र 'कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' ही ओळ लिहून सगळं सुरक्षित होतं असं समजू नये. भारतीय करार कायदा १८७२च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात जप्त केलेली रक्कम परत करायला लावली, त्यातलं एक कारण असं की तो भूखंड पुढे जास्त किमतीला विकला गेला होता, मग नुकसान झालं कुठे? हा न्याय मेकअपच्या तारखेलाही लावून बघता येतो. नवरीने नकार दिला आणि त्याच तारखेला तेवढ्याच पैशांचं दुसरं काम मिळालं, तर विसार ठेवून घेण्यात नैतिक बळ राहत नाही.

म्हणून परतीचा नियम एकाच प्रश्नावर बांधायचा: ही तारीख पुन्हा विकली जायला किती वेळ उरला आहे? बावीस हजारांचं काम, अकरा हजार विसार. नव्वद दिवसांहून आधी कळवलं तर दोन हजार ठेवून नऊ परत, कारण तारीख सहज भरेल. नव्वद ते पंचेचाळीस दिवसांत अर्धे परत. पंचेचाळीसच्या आत काही नाही, पण तारीख तेवढ्याच रकमेला भरली तर दोन हजार सोडून बाकीचे परत. ही शेवटची ओळ लिहायला हात थरथरतो, कारण तारीख भरली हे समोरच्याला कळणार नसतं. लिहावी. रद्द झालेल्या लग्नाच्या घरात आधीच खूप काही मोडलेलं असतं.

लग्न मोडणं वेगळं आणि पुढे जाणं वेगळं. घरात कुणी गेलं, सुतक आलं, तर तारीख हलते, लग्न तेच राहतं. तिथे विसार नव्या तारखेला न्यायचा, एकदा, वर्षभराच्या आत, आणि नवी तारीख रिकामी असेल तर. २५ मार्च २०२० पासून जी टाळेबंदी लागली तिने चैत्र-वैशाखाच्या सगळ्या तारखा एका रात्रीत पुसल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तासांची मर्यादा आली. तेव्हा ज्यांच्या मेसेजमध्ये 'पुढच्या तारखेला वळती' एवढे तीन शब्द होते त्यांना बोलायला काहीतरी होतं. बाकीच्यांकडे पैसेही नव्हते आणि शब्दही नव्हते. उलट बाजूही लिहून ठेवायची: आर्टिस्टच आजारी पडली तर विसार पूर्ण परत, ट्रायलचे पैसेही परत, आणि ट्रायलचा तो कागद ती आपल्या जागी जिला पाठवते तिच्या हातात. कागद असला की दुसरी बाई वीस मिनिटांत तो चेहरा ओळखते.

उरलेले पैसे कधी घ्यायचे, यावर मात्र मी ठाम आहे: आदल्या संध्याकाळी, हळद झाल्यावर. लग्नाच्या सकाळी नाही आणि नंतर तर नाहीच. अक्षता पडल्यावर नवरी कुणाच्या हाती लागत नाही, वडील पंगतीत, पैशांची पर्स मामांकडून काकांकडे गेलेली, आणि 'दोन दिवसांत पाठवतो' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, तो फक्त थकलेला असतो.

तारखांच्या टकरीत सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे 'आमची विचारणा आधी होती.' विचारणेला क्रम नसतो. क्रम खात्यात पैसे जमा होण्याला असतो, आणि जमा म्हणजे आपल्या बँकेत दिसले तर. पाठवलेला स्क्रीनशॉट पुरेसा नाही, व्यवहार अडकलेला असू शकतो. तोंडी धरून ठेवलेली तारीख अठ्ठेचाळीस तासांची, त्यापुढे ती मोकळी. मधेच दुसरी विचारणा आली तर पहिलीला फोन करून सांगायचं, 'अजून एका घरची विचारणा आहे, आज रात्री नऊपर्यंत कळवा.' हे दडपण आणणं नव्हे, ही माहिती तिला मिळायलाच हवी. आणि विचारणारं घर खरंच पक्कं आहे का हे ओळखायचा साधा प्रश्न आहे: 'कार्यालयाची पावती झाली का?' पावती नसेल तर तारीख हलणार, मग मुहूर्त कुणीही काढलेला असो. 'एकादशीला आहे' असं कुणी म्हटलं तर इंग्रजी तारीख आणि वार दोन्ही लिहून घ्यायचे. पहाटे चारला सुरू होणारं काम दुसऱ्या दिवशीचं असतं आणि वहीत ते आदल्या रात्रीच्या पानावर पडतं. दोन नवऱ्या एका सकाळी येतात त्या बहुतेक अशाच चुकीने. वही एकच हवी. अर्धं व्हॉट्सॲपवर आणि अर्धं डायरीत असलं की टक्कर ठरलेलीच.

पण खरा मोह असतो तो एका दिवसात दोन घेण्याचा. ३ मे २०२६, रविवार, असं धरू. पहिली नवरी सिंहगड रस्त्यावरच्या कार्यालयात, मुहूर्त दुपारी बारा अठ्ठावीस. दुसरी चाकणच्या बाजूला, गोरज मुहूर्त सहा पंचावन्न. मध्ये साडेसहा तास, दिसायला भरपूर. आता मागून मोजत या. पहिली नवरी गौरीहरापाशी अकराला बसणार, त्याआधी अर्धा तास फोटो, म्हणजे साडेदहाला तयार. त्वचेची तयारी पाव तास, बेस चाळीस मिनिटं, डोळे चाळीस, केस आणि गजरे पाऊण तास, नऊवारी अर्धा तास, दागिने पाव तास. तीन तास पाच मिनिटं. सव्वासातला खोलीत पोचायला हवं. मंगलाष्टकांपर्यंत ती पिवळ्या अष्टपुत्रीत, त्यानंतर शालू. म्हणजे साडी बदलणं, केसांचं थोडं, लिपस्टिक, घाम टिपणं. मंगलाष्टकं वेळेवर झाली तर एकला सुरू, पावणेदोनला मोकळी. सामान आवरून दोनला गाडीत. रविवारचं शहर ओलांडून चाकणला साडेतीन. दुसरीला गोरजाआधी साडेपाचला तयार करायचं, तीन तास लागतात, म्हणजे अडीचला सुरुवात हवी होती. कागदावरच एक तास कमी पडला, आणि अजून वरात उशिरा आलेली नाही, नवरदेवाचा फेटा सुटलेला नाही, गुरुजींना दुसऱ्या कार्यालयातून यायला वेळ लागलेला नाही.

हे जमवायचे दोनच मार्ग आहेत. एक, पहिल्या घराला बुकिंगच्या वेळीच सांगायचं की शालूचा बदल सहायक करेल, आणि त्या बदलाचे दोन हजार पॅकेजमधून कमी करायचे. सहायकेला दिवसाचे अडीच हजार द्यायचे. मग आपण साडेदहाला मोकळ्या, बाराला चाकणमध्ये, आणि अडीच तास हातात. दोन, दुसऱ्या घराला नाही म्हणायचं आणि ते काम ओळखीच्या दुसरीकडे पाठवायचं. पहिल्या मार्गात अडीच हजार सहायकेला, दोन हजार कमी केलेले, सातशे प्रवासाचे, असे बावन्नशे गेले तरी दुसऱ्या बावीस हजारांतून सोळा हजार आठशे राहतात. मोह होणारच. ज्या घराला न सांगता सहायक पाठवली जाते तिथे मात्र नवरी आरशातून दाराकडे बघत बसते की ताई कुठे गेली, आणि ते तिला लग्नाच्या प्रत्येक फोटोत आठवतं. मोठं पॅकेज आलं म्हणून विसार घेतलेल्या छोट्या पॅकेजला तारीख नाकारणं तर कुठल्याच हिशोबात बसत नाही. विसार दोन्ही बाजूंना बांधतो.

त्या सकाळी मामांच्या हातातल्या फोनमध्ये जो मेसेज होता तो असा असायला हवा होता: '३ मे, रविवार, सकाळचं लग्न, शालूचा बदल धरून २२,०००. विसार ११,०००, तो खात्यात आला की तारीख तुमची. ट्रायल ३,५००, वेगळी, त्याच दिवशी द्यायची, पॅकेजमधून वजा होत नाही. हळद, लग्न, रिसेप्शन तिन्ही दिल्यास एकूण रकमेत ३,५०० कमी. उरलेले ११,००० आदल्या संध्याकाळी.' पाच ओळी. त्या लिहायला तीन मिनिटं लागली असती आणि वाचून मामांनी पर्समधून मोजून अकरा हजार आदल्या रात्रीच काढून ठेवले असते, कारण तो माणूस पैसे बुडवायला आलेला नव्हता. त्याच्या बहिणीने त्याला हिशोब सांभाळायला सांगितला होता आणि तो सांभाळत होता.

त्या मुलीने शेवटी साडेसात हजार घेतले. 'असू दे काका' म्हणाली. मग तिने पट्टीवरचा सुकलेला गोंद नखाने सोलून काढला, कडेवरून नवा पातळ थर फिरवला, आणि नवरीला म्हणाली, खाली बघ, अजून थोडं, हं, आता हलू नकोस. बाहेर सनईची टेप लागली होती. तिने पट्टी चिमट्यात धरली आणि ओठांतल्या ओठांत तीसपर्यंत मोजायला सुरुवात केली.